पुटकुळ्या आल्या-गेल्या, टाळूवरच्या खपल्या मात्र राहिल्या

प्रश्न: माझं बाळ २६ दिवसांचं आहे, पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं. तिसऱ्या दिवशी अंगभर लाल चट्टे आणि मध्ये पिवळट पुटकुळी असं आलं होतं, आठवड्यात गेलं. नाकावर पांढरे दाणे अजून आहेत. आता टाळूवर पिवळ्या चिकट खपल्या धरल्यात. आई म्हणते टाळू तेलाने भरत राहा, सासूबाई म्हणतात डाळीच्या पिठाने घासून काढा, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय. माझ्या खाण्यातून होतंय का हे? काय करू?

उत्तर:

ती ट्यूब आधी बाजूला ठेवा, लावू नका. कारण पुढे सांगते.

तुमच्या खाण्याचा यात काही संबंध नाही. शेंगदाणे, वांगं, लोणचं, 'उष्ण' म्हणून तुमच्या ताटातून जे जे काढलं असेल ते परत घ्या. ओल्या बाळंतिणीला नुसत्या भातावर आणि मेथीच्या लाडवावर ठेवून बाळाच्या कातडीत फरक पडलेला मी पाहिलेला नाही. आई अशक्त झालेली मात्र पुष्कळदा पाहिली आहे.

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एकीतून दुसरी झालेली नाही. ओळीने आल्या म्हणून घरात सगळ्यांना 'काहीतरी आत आहे' असं वाटतंय. बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे वर्णनावरून बोलते आहे हे लक्षात असू द्या. पण नवजात बाळाच्या पुरळाचं नाव ठरवताना फोटोपेक्षा मला तीन उत्तरं जास्त उपयोगी पडतात: कितव्या दिवशी आलं, कुठे आलं आणि कुठे आलं नाही, आणि बाळ अंगावर नीट पितंय का. तुमच्या प्रश्नात पहिलं उत्तर आहे, म्हणून काही गोष्टी बऱ्याच खात्रीने सांगता येतात.

तिसऱ्या दिवशीचे ते लाल चट्टे म्हणजे एरिथेमा टॉक्सिकम. डिस्चार्ज कार्डावर हे नाव वाचून लोक घाबरतात, पण विषाचा किंवा जंतुसंसर्गाचा त्याच्याशी संबंध नाही. पूर्ण दिवसांच्या जवळपास निम्म्या बाळांना ते होतं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांत कमी दिसतं. बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. एक-दोन सेंटिमीटरचा लालसर डाग आणि मधोमध मोहरीएवढी पांढरट-पिवळी पुटकुळी, असं त्याचं रूप. छाती, पाठ, मांड्या, तोंड कुठेही येतं, तळहात-तळपायांवर मात्र जवळजवळ कधीच नाही. याचं कारण केसांच्या मुळांत आहे. जन्मल्याबरोबर बाळाच्या कातडीवर बाहेरचे जंतू वस्तीला येतात, केसांच्या मुळांतून आत डोकावतात, आणि बाळाच्या नव्या प्रतिकारशक्तीची ती पहिली प्रतिक्रिया असावी असं आज मानलं जातं. तळहात-तळपायांना केसच नाहीत, म्हणून तिथे पुरळही नाही. त्या पुटकुळीतलं पाणी काचपट्टीवर घेऊन रंगवलं तर पू करणाऱ्या जंतूंऐवजी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात. दिसायला पू, प्रत्यक्षात पू नव्हे.

एकदा असंच एक तीन दिवसांचं बाळ 'अंगभर पू झालाय, इंजेक्शनं सुरू करा' असं म्हणत आजोबा घेऊन आले होते. बाळ छान पीत होतं, ताप नव्हता, अंग सैल नव्हतं. मी बॉलपेन घेतलं, पोटावरच्या आणि मांडीवरच्या चार चट्ट्यांभोवती गोल केले आणि सगळ्यांना बाहेर बाकावर बसवलं. ओपीडी संपताना परत पाहिलं तर दोन गोल रिकामे होते आणि बगलेजवळ, जिथे सकाळी काही नव्हतं, तिथे नवा चट्टा उठला होता. हे पुरळ काही तासांत जागा बदलतं. जंतूंचा फोड असा फिरत नाही. तो तिथेच वाढतो, फुटतो, ओला होतो. आजोबांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या रिकाम्या गोलांनी पटवलं.

आपल्या सावळ्या रंगाच्या बाळांत ही लाली ठळक दिसत नाही, हे पुस्तकातल्या गोऱ्या बाळांचे फोटो पाहून लक्षात येत नाही. डाग किंचित गडद किंवा जांभळट वाटतो, नाहीतर नुसती पुटकुळीच दिसते. अशा वेळी ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहावं आणि बोट फिरवून उंचवटा लागतो का ते बघावं. बहुतेक बाळांत हे आठवड्याभरात जातं, क्वचित दोन आठवडे येतं-जातं. तुमचं गेलंच आहे, त्यामुळे त्याचा विषय संपला.

नाकावरचे पांढरे दाणे म्हणजे मिलिया. यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण करायचं काहीच नाही. कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन बारीक गोळी होऊन अडकून बसतं. एक-दोन मिलिमीटरची, मोत्यासारखी, कडक गोळी. नाक, गाल, हनुवटी, कपाळ या तिच्या जागा. काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत कातडी बदलता बदलता त्या आपोआप गळून जातात. मालिशवाली बाई दुधाची साय आणि बोटाचं नख लावून ते 'काढून' देते. तिला हात जोडून नको म्हणा. दाणा निघत नाही, कातडी सोलते आणि तिथे खरोखरच पू होऊ शकतो. अशाच पांढऱ्या गोळ्या टाळ्याला आणि हिरड्यांवरही असतात. घरी 'जन्मतःच दात आला' अशी चर्चा होते. तो दात नसतो, आणि त्याचंही काही करायचं नसतं.

आता काळजी करावी असं काय असतं ते सांगते, म्हणजे नंतर टाळूबद्दल निवांत बोलता येईल. पाण्याने भरलेले बारीक फोड एकाच जागी घोसाने आले, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, बाळ डॉक्टरला दाखवायचं. ते नागिणीच्या कुळातल्या हर्पीसचे असू शकतात आणि नवजात बाळात त्याचं औषध शिरेतून, लगेच द्यावं लागतं. ओठावर 'जर उठलेल्या' माणसाने बाळाची पापी घेऊ नये ती यासाठीच. मानेच्या वळीत, काखेत, लंगोटाच्या भागात मोठे, सैल, पिवळट पाण्याचे फोड येऊन फुटले, खाली लाल ओली कातडी आणि मधाच्या रंगाची खपली दिसली, तर तो जंतूंचा संसर्ग आहे आणि त्याला औषध लागतं. काचेचा पेला दाबून धरला तरी लाल-जांभळे ठिपके नाहीसे होत नसतील, तर ते कातडीखालचं रक्त आहे, तेही त्याच दिवशी दाखवायचं. आणि पुरळ कसंही असो, महिन्याच्या आतलं बाळ अंगावर ओढत नाही, मलूल पडतंय, अंग गार लागतंय किंवा थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आहे, तर पुरळाचा विचार बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही.

मग राहिली टाळू. तुम्हाला खरं काम आहे ते इथेच.

टाळूवरच्या या खपल्यांना क्रेडल कॅप म्हणतात. तान्ह्या बाळाचा तेलकट कोंडा म्हणा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत सुरू होतो. तुमचे २६ दिवस त्यात बरोबर बसतात. पोटात असताना आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तेलग्रंथी जन्मानंतर काही महिने जोरात काम करतात. त्या तेलावर मॅलासेझिया नावाची एक बुरशी पोसते. ती आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर असते, त्यामुळे 'कुणाकडून लागलं' हा प्रश्न नाही आणि अस्वच्छतेचाही नाही. बुरशी तेल फोडते, कातडीला थोडी चीड आणते, कातडी भराभर सुटते, आणि सुटलेल्या पापुद्र्यांना तेल चिकटून खपली होते. टाळूवर सर्वांत जास्त, मग भुवया, कानामागची खाच, कधी मानेची वळी. बाळाला त्याने खाज येत नाही, झोप मोडत नाही. ते दिसतं आपल्याला, त्रासही आपल्यालाच होतो.

आपल्याकडे याला एक खास कारण जोडलं जातं, आणि ते तुमच्या आईच्या सल्ल्यातच आहे. टाळू भरायची म्हणून रोज चमचाभर तेल टाळूवर जिरवायचं. पण आंघोळीच्या वेळी टाळू 'कच्ची' असते म्हणून तिला हात लावायचा नाही, वरून नुसतं पाणी ओतायचं. म्हणजे तेल रोज नवं आणि कालचं तसंच. कोंडा नसलेल्या बाळाला यातून बहुधा काही होत नाही. ज्याला कोंड्याची सुरुवात आहे, त्याच्या टाळूवर पणतीच्या कडेला धरतो तसा थर धरतो. दोन महिन्यांचं एक बाळ आमच्याकडे आलं होतं, खपलीचा रुपयाएवढा तुकडा बरोबर टाळूच्या खड्ड्यावर आणि बाजूची कातडी स्वच्छ. म्हणजे जिथे कुणाचा हात लागत नव्हता, नेमकं तिथेच.

टाळूला हात लावल्याने काही होत नाही, हे आधी मनात पक्कं करा. हाडांच्या मधल्या त्या जागेवर कातडीखाली जाड, चिवट पडदा आहे. ती धडधडते, कधी किंचित खाली गेल्यासारखी दिसते, हे साधं आहे. सुमारे दीड वर्षापर्यंत हाड भरून येतं. बोटाच्या पेरांनी साबण लावण्याइतका दाब तिला सहज सोसतो. त्या बाळाच्या आजीचं बोट धरून मी तिच्याकडूनच साबण लावून घेतला होता. पहिल्यांदा हात कापत होता, मग ती स्वतःच म्हणाली, 'अहो, हे तर घट्ट आहे.'

करायचं ते असं. आंघोळीच्या आधी वीस मिनिटं खपलीवर अर्धा चमचा तेल बोटाने पसरा. ओघळेल इतकं नको, खपली ओली झाली की पुरे. तेल साधं बेबी ऑइल, म्हणजे मिनरल तेल, घ्या. ते त्या बुरशीच्या खाण्यात येत नाही, म्हणून माझी पहिली पसंती त्याला. घरात खोबरेल असेल तर तेही चालेल, पण एकाच अटीवर: ते त्याच आंघोळीत धुऊन निघालं पाहिजे. मोहरीचं तेल नको, ते नाजूक कातडीला झोंबतं. ऑलिव्ह ऑइल 'सौम्य' म्हणून भेट मिळतं, पण ते कातडीचं संरक्षक आवरण सैल करतं आणि बुरशीलाही आवडतं. ते तुमच्या भाजीत घाला. वीस मिनिटांनी बाळाच्या मऊ केसांचा ब्रश, नाहीतर पंचाचं मऊ टोक घेऊन लहान गोल फिरवत खपली हलवा. जे सुटलं ते सुटलं. जे चिकटून आहे ते तसंच राहू द्या, नखाने उचलू नका. ओढून काढलेल्या खपलीखाली लाल ओली कातडी निघते, केस उपटले जातात आणि जंतूंना वाट मिळते.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत राहून जाते. बाळाचा सौम्य शॅम्पू, अगदी वाटाण्याएवढा, हातावर फेसून टाळूसकट सगळ्या डोक्याला लावा, मिनिटभर पेरांनी चोळा आणि कोमट पाण्याने धुवा. एक हात कपाळावर आडवा धरला की पाणी डोळ्यांत जात नाही. पुसल्यावर बोट फिरवून पाहा; बोट तेलकट झालं तर तेल राहिलंय, पुन्हा एकदा धुवा. डोकं कोरडं करून तासभर टोपडं घालू नका. पहिला आठवडा एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. एरवी रोजच्या आंघोळीत टाळूला तेल नाही. मालिश अंगाला करा, मला त्यात काही अडचण नाही. आईला वाईट वाटेल, तर सांगा की तेल बंद नाही केलं, फक्त आंघोळीनंतर ते ठेवत नाही.

सासूबाईंच्या डाळीच्या पिठाचं काय? कोरडं, भरड पीठ चिडलेल्या कातडीवर घासण्याने ती आणखी चिडते. शिवाय ओलं पीठ खपल्यांत आणि कानामागे अडकतं, वाळतं, आणि दोन दिवसांनी खपली कुठली नि पीठ कुठलं ते मलाही सांगता येत नाही. हळद घातली असेल तर लाली आहे की नाही हेही कळत नाही. उटण्याचा कार्यक्रम पुढे ढकला. धुरी आणि शेकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण होत असेल तर बंद करा. धूर फुप्फुसांना वाईट, आणि बंद खोलीत शेगडीच्या ऊबेने मानेवर-पाठीवर घामोळं येतं, ते लोक पुन्हा 'पुरळ वाढलं' म्हणून घेऊन येतात.

आता ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. न विचारता मिळणाऱ्या अशा ट्यूबांत बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि एक स्टेरॉइड. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड, आणि क्लोबेटासॉल तर त्यातलं सर्वांत जोरदार. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून लोक खूश होतात. पण बाळाच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं. औषध रक्तात उतरतं, कातडी पातळ होते, आणि थांबवलं की पुरळ दुप्पट जोराने परत येतं. कोंडा खरंच हट्टी असला, तेल-शॅम्पू नीट करूनही तीन-चार आठवड्यांत काही फरक नसला किंवा लाली तोंडावर, मानेत पसरत असली, तर आम्ही बुरशीचं साधं औषध, बहुतेकदा दोन टक्के किटोकोनॅझोल, ठरावीक दिवस देतो. क्वचित अगदी सौम्य स्टेरॉइड, तेही मोजके दिवस. मोठ्यांचा कोंड्याचा शॅम्पू आणि सॅलिसिलिक ॲसिड असलेलं काहीही तान्ह्या बाळाला लावू नका.

फरक किती दिवसांत पडेल, हे बाळावर अवलंबून आहे. खपली आठवड्याभरात मऊ पडते, दोन-तीन आठवड्यांत बरीच निघते. मध्ये एखादा महिना जाऊन पुन्हा थोडी धरते, त्यात आपलं काही चुकलेलं नसतं. तेलग्रंथी शांत व्हायला वेळ लागतो. बहुतेक बाळांत सहा ते बारा महिन्यांत हे कायमचं मिटतं. जावळ लवकर काढल्याने कोंडा जात नाही, फक्त शॅम्पू लावायला सोपं जातं. वस्तरा मात्र खपल्या असलेल्या डोक्यावर नको. जावळ करायचंच असेल तर डोकं स्वच्छ झाल्यावर करा.

खपल्या निघाल्यावर कपाळाच्या कडेला, भुवयांपाशी, कानामागे फिकट डाग राहतील, आपल्या रंगावर ते उठून दिसतात. दर वेळी कुणीतरी हळूच विचारतं, 'डॉक्टर, कोड तर नाही ना?' नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र आणि कडा स्पष्ट असतो. हे डाग नुसते फिकट, कडा विरघळलेल्या. कातडी चिडून शांत झाली की रंग काही आठवडे-महिने मागे राहतो, मग भरून येतो. त्यावर काही लावू नका.

दोन परिस्थितींत माझं हे सगळं उत्तर बदलेल. पहिली, बाळ खाजवतंय, डोकं उशीला घासतंय, रात्री किरकिरतंय, आणि गाल कोरडे, खरखरीत झालेत, घरात कुणाला दमा किंवा इसब आहे. तेव्हा तो कोंडा नसून इसब असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा. दुसरी, क्वचितच पण विसरू नये अशी: खपल्या हटतच नाहीत, त्यांच्यात रक्ताळ बारीक ठिपके दिसतात, सोबत वजन वाढत नाही किंवा जुलाब थांबत नाहीत. अशा बाळाची पुढची तपासणी व्हायलाच हवी, नुसती टाळू बघून भागत नाही.

तुमचं बाळ दीड महिन्याचं झालं की लशींसाठी जाल. तेव्हा टोपडं काढून डॉक्टरांना टाळू, कानामागची खाच आणि मानेची वळी दाखवा, आणि ट्यूबसुद्धा सोबत न्या. मधल्या काळात खपलीतून पाणी येऊ लागलं, घाण वास आला किंवा हात लावताच बाळ रडायला लागलं, तर लशीच्या तारखेची वाट पाहू नका.